ब्लेंडरमध्ये ड्रिल मशीन, पान्यांचा सेट आणि वर्कशॉपचं टेबल: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

माझा ड्रिल मशीन आणि पान्यांचा सीन बघून लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवते. सीनमध्ये काय आहे तर वायरवालं १३ मिमी चकचं, म्हणजे बिट धरणाऱ्या जबड्याचं, इम्पॅक्ट ड्रिल मशीन, आठ डबल पान्यांचा सेट, पाच-सहा बिट आणि पत्रा ठोकलेलं लाकडी टेबल. रेफरन्स म्हणजे आमच्या बाबांचं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं जॉबवर्कचं वर्कशॉप. सगळं काम ब्लेंडरमध्ये आणि रेंडर सायकल्समध्ये केलंय. ज्यांना ब्लेंडरची थोडी सवय आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय, क्यूब कसा हलवायचा तिथपासून सुरुवात नाही करणार.

बिट एवढा खरा कसा दिसतो? माझा नेहमी स्क्रूसारखाच दिसतो.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर सगळ्यात लांब आहे, कारण इथे मी स्वतः जोरात आपटले होते. पहिलं रेंडर झालं तेव्हा मी खूश होऊन बाबांना मोबाईलवर दाखवलं, त्यांनी चष्मा वर केला, झूम केलं आणि म्हणाले, "ह्यो बिट उलटा पिळलाय की गं. ह्यानं भोक पडायचं न्हाई, नुसतं घासत बसंल." मशीनच्या बॉडीवर मी दोन आठवडे घालवले होते, त्याबद्दल अवाक्षर नाही. ज्याने आयुष्यभर भोकं पाडली त्याची नजर आधी टोकाकडेच जाणार.

तर पहिली गोष्ट पीळ कुठल्या बाजूला. बिट उभा धरा, टोक वर असो की खाली, फरक पडत नाही. समोर दिसणाऱ्या खाचा डावीकडून खालून उजवीकडे वर चढल्या पाहिजेत, साध्या बोल्टचे आटे चढतात तशाच. उलट्या चढत असतील तर तो डावा बिट झाला, तो फक्त तुटलेले स्क्रू काढायला वगैरे वापरतात. ब्लेंडरमध्ये Twist चा आकडा मायनस केला की पीळ उलटतो, म्हणजे दुरुस्ती पाच सेकंदांची आहे, पण आधी लक्षात यायला पाहिजे ना.

दुसरी गोष्ट पिळाचे वेढे किती. अंदाजाने पिळलं की हात हमखास पाच-सहा वेढे देतो आणि मग तो स्क्रू किंवा लाकडाचं गिरमिट वाटायला लागतो. लोखंडासाठीचा जो नेहमीचा एचएसएस बिट असतो त्याचा पिळाचा कोन साधारण ३० अंश असतो. १० मिमीचा बिट घ्या. त्याची एकूण लांबी १३३ मिमी आणि त्यातला खाचांचा भाग ८७ मिमी, हे डीआयएन ३३८ या स्टँडर्डमधले आकडे आहेत. आता एक पूर्ण वेढा किती लांबीत होतो ते काढायचं, ब्लेंडरच्या पायथन कन्सोलमध्ये हे टाका:

```
import math
D = 10.0
helix = 30
flute = 87
lead = math.pi * D / math.tan(math.radians(helix))
print(lead, 360 * flute / lead)
```

उत्तर येतं साधारण ५४.४ आणि ५७५.६. म्हणजे ५४ मिमीत एक वेढा आणि अख्ख्या खाचेत मिळून दीडपेक्षा थोडे जास्त वेढे, बस एवढेच. मी पहिल्यांदा पाच दिले होते. एकदा हा आकडा बरोबर पडला की बाकी काही न करता बिट लगेच खरा वाटायला लागतो, खोटं नाही सांगत.

पण मग आडवा छेद कसा काढायचा? गोलाला दोन खाचा पाडल्या की झालं का?

जवळपास झालं, पण एक बारीक गोष्ट राहते. १० मिमीचा गोल घ्या, समोरासमोर दोन खोल खाचा पाडा, मधे साधारण दीड मिमीचा गाभा शिल्लक ठेवा. आता दोन्ही बाजूंना जे दोन उंचवटे उरले ते पूर्ण रुंदीत १० मिमीचे नसतात. कापणाऱ्या बाजूची कडेची बारीक पट्टी, मिलीमीटरभराची असेल नसेल, तेवढीच पूर्ण मापाची असते आणि तिच्या मागचा भाग किंचित खाली उतरवलेला असतो, नाहीतर बिट भोकात सगळीकडून घासून तापेल. ही पट्टी भोकाला घासते म्हणून ती चकचकीत, आणि मागचा भाग थोडा मंद. रेंडरमध्ये खाचेच्या कडेने जी एक बारीक चमकती रेघ वळत वळत वर जाते ना, ती हीच. ती नसेल तर बिट प्लॅस्टिकचा वाटतो आणि बघणाऱ्याला कळत पण नाही की नक्की काय खटकतंय.

हा छेद Z वर ८७ मिमी उचलायचा, लांबीत शंभर-सव्वाशे लूप कट द्यायचे, Ctrl+A ने स्केल अप्लाय करायचं आणि मग Simple Deform लावून Twist, अक्ष Z, कोन ५७५.६. लूप कट कमी दिले तर पीळ पैलू पडल्यासारखा तुटक दिसतो. स्केल अप्लाय केलं नाही तर मापं भलतीच निघतात आणि आपण मॉडिफायरला शिव्या देत बसतो. वरचा ४६ मिमी दांडा साधा गोल. आणि खाच दांड्याला लागते तिथे एकदम भिंत उभी करू नका, ती खाच उथळ होत होत संपते.

टोकाला कोन लावला की पेन्सिलीसारखं दिसतं. बरोबर काय?

बिटाचं टोक पेन्सिलीसारखं अणकुचीदार कधीच नसतं. नेहमीच्या बिटाच्या दोन धारांमधला कोन ११८ अंश असतो, म्हणजे चांगलंच बसकं टोक. १० मिमीच्या बिटाला टोकाची उंची जेमतेम ३ मिमी येते. कडक मटेरियलसाठीच्या बिटांना १३५ अंश असतो, तो अजून बसका. आणि अगदी मधोमध टिंब नसतं, गाभ्याच्या जाडीएवढी म्हणजे इथे दीड मिमीची छोटी आडवी धार असते, छिन्नीच्या तोंडासारखी. त्यामुळेच तर सेंटर पंच न मारता बिट लावला की तो पत्र्यावर इकडेतिकडे पळतो.

मॉडेल करताना आधी Twist अप्लाय करायचं आणि मग टोक कापायचं, उलट केलं तर टोकाचे उतार पण पिळले जातात. नुसता कोन बुलियनने कापला तर लांबून चालून जातं, पण क्लोजअप असेल तर दोन उतार वेगवेगळे कापा आणि प्रत्येक उतार धारेच्या मागे थोडा खाली पडू द्या, दहा-बारा अंश पुरे. धारेवर बेव्हल शक्यतो नको, बाकी सगळ्या कडांना द्या. मोठा बेव्हल दिला की बिट साबणाचा बनवल्यासारखा दिसतो.

भिंतीचा बिट आणि लोखंडाचा बिट यात फक्त रंगाचा फरक करतो, चालेल?

नाही ना. भिंतीच्या बिटाच्या टोकात खाच पाडून त्यात कार्बाइडची छोटी चपटी पट्टी डाखलेली असते, ती बॉडीपेक्षा थोडी बाहेर आलेली असते कारण भोक तीच पाडते. ती राखाडी, जड दिसणारी, आणि जोडावर डाखाची पितळी रेघ दिसते. ती रेघ नक्की दाखवा, अर्ध्या मिमीची पण असेल तरी. धार चाकूसारखी नसते, बोथट छपरासारखी असते. वापरलेल्या बिटाचे या पट्टीचे दोन कोपरे गोल झालेले असतात आणि खाचांमध्ये सिमेंटची पांढरट पूड बसलेली असते.

लाकडाच्या बिटाला मधे एक बारीक अणी आणि दोन्ही कडांना दोन टोकं. चपट्या स्पेड बिटाचा तर आकारच वेगळा, फावड्यासारखा.

आणि हो, एसडीएस बिट तीन जबड्यांच्या चकमध्ये लावू नका, प्लीज. एसडीएस प्लसचा दांडा १० मिमीचा असतो आणि त्यावर चार खोबणी असतात, दोन मागच्या टोकाला उघड्या आणि दोन बंद. तो रोटरी हॅमरमध्ये खटकन बसतो. आपल्या साध्या इम्पॅक्ट मशीनच्या चकमध्ये तो घातलेला मी इतक्या मॉडेलमध्ये बघितलाय की आता मोजायचं सोडून दिलंय.

स्क्रूच्या बिटाचं थोडक्यात: दांडा षटकोनी, समोरासमोरच्या बाजूंमध्ये ६.३५ मिमी, म्हणजे पाव इंच, म्हणजे आपल्या भाषेत दोन सूत. फुलीमध्ये चार पाकळ्यांच्या मधे अजून चार बारीक रेघा काढल्यात तर ते पोझीड्रिव्ह झालं, फिलिप्स नाही.

चक कसा केला? चावीची भोकं किती आणि कुठे?

जबडे तीन, एकमेकांपासून १२० अंशांवर, आणि चावीची भोकं पण चकच्या बॉडीवर तीन. दात फिरणाऱ्या बाहेरच्या कड्याच्या पुढच्या काठावर असतात, चावीची खिट्टी भोकात जाते आणि तिचे तिरके दात कड्याच्या दातात अडकतात. ही जोडी बसत नसेल तर चावी फिरणारच कशी, एवढा विचार करून मॉडेल केलं की जागा आपोआप बरोबर येते.

एक गंमत, जबडे बंद करताना पुढे येतात. चक रिकामा आणि बंद असेल तर तीन टोकं नाकासारखी बाहेर दिसतात, १० मिमीचा बिट धरला असेल तर ती बरीच आत गेलेली असतात. बिट बदलताना जबडे त्याच जागी ठेवले तर ते बिटात घुसतात नाहीतर मधे हवा राहते. मी तिन्ही जबडे एका एम्प्टीला जोडून ठेवलेत, बिटाच्या मापाप्रमाणे पुढेमागे सरकवते.

ग्रिपचं टेक्स्चर सगळीकडे टाइल केलं तर ते खोटं दिसतं. तू काय केलंस?

टाइल केलं म्हणूनच खोटं दिसतं. खरं मशीन हातात घ्या आणि बघा, हँडल दोन मटेरियलचं असतं. आतलं कडक प्लॅस्टिक आणि त्यावर तळहात बसतो तेवढ्याच भागावर मऊ रबरासारखा थर. दोघांच्या मधे एक बारीक खाच असते आणि ठिपके त्या खाचेला टेकत नाहीत, कडेला दोन-तीन मिमीची गुळगुळीत पट्टी सोडलेली असते. ठिपके अर्धे कापलेले दिसले की समजायचं टेक्स्चर चिकटवलंय. मी आधी रबराचा भाग वेगळा मेश केला, त्याची यूव्ही सरळ केली, ठिपक्यांना दीड मिमी अंतर आणि साधारण ०.३ मिमी उंची दिली आणि कडेला मास्कने ठिपके विरवले.

बॉडी दोन अर्ध्या भागांची असते, मधून जोडाची रेघ जाते आणि स्क्रू सगळे एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला स्क्रू नाहीत. मिरर मॉडिफायर लावून मोकळे झालात की दोन्हीकडे स्क्रू येतात, ते नंतर एका बाजूने काढा. जोडाची रेघ ग्रिपच्या खालून पण जाते, पण रबरावर ती दिसत नाही किंवा अगदी पुसट दिसते.

बम्प पुरतो की खरी भूमिती हवी?

कॅमेरा हातभर लांब असेल तर नॉर्मल मॅप पुरतो. पण ठिपके हँडलच्या कडेला, म्हणजे जिथे मागचं टेबल दिसायला लागतं तिथे येतात तेव्हा बाह्यरेषा सपाट दिसते आणि फसवणूक उघडी पडते. तेवढ्या क्लोजअपला मी खरे ठिपके करते, एक ठिपका बनवून सरफेसवर इन्स्टन्स करायचा, जड होत नाही.

नॉर्मल मॅप लावला तर ठिपक्यांचे खड्डे झाले, का?

दोन गोष्टी तपासा. एक, इमेजचं कलर स्पेस Non-Color केलंय का. दोन, मॅप डायरेक्टएक्स पद्धतीचा असेल, ब्लेंडरला ओपनजीएलवाला लागतो, हिरवं चॅनल उलटं करा. ओळखायचं कसं, तर वरून एकच लाइट टाका, ठिपक्याची वरची बाजू उजळली पाहिजे, खालची उजळली तर मॅप उलटा आहे.

ग्रिपवर झीज कशी दाखवायची? रबर पांढरं खरवडल्यासारखं केलं तर?

रबर झिजलं की खरवडल्यासारखं होत नाही, गुळगुळीत होतं. जिथे अंगठा आणि तर्जनीच्या मधला भाग रुततो, म्हणजे हँडलच्या वरच्या मागच्या वळणावर, तिथे ठिपक्यांचे माथे घासून चकाकायला लागतात आणि खाचांत मळ भरतो. म्हणून तिथे ठिपक्यांची उंची कमी करा, माथ्यावर Roughness ०.५ च्या आसपास खाली आणा आणि खाचांत काळसर मळ बसवा, मळाचा Roughness ०.९. करंगळीच्या खालचा भाग जवळजवळ नवाच राहतो. स्विचचं बटण मधोमध चमकतं. हवेच्या जाळीजवळ, मागच्या बाजूला, धूळ तेलाला चिकटून काळी रेघ ओढल्यासारखी दिसते, आणि वायर बॉडीत शिरते तिथल्या रबराच्या नळीला वळण पडून बारीक चिरा पडतात. या चार जागा केल्या की बाकी मशीन स्वच्छ ठेवलं तरी ते वापरलेलं वाटतं.

पान्यांच्या कडा झिजवायला Pointiness वापरतो, पण ते गेममधल्या प्रॉप्ससारखं दिसतं. बरोबर पद्धत काय?

बरं झालं विचारलंत, कारण माझं सगळ्यात मोठं भांडण इथेच आहे. कडा पांढऱ्या करण्याची सवय रंगवलेल्या लोखंडावरून आलीय, रंग कडेवरून उडतो आणि खालचा धातू चमकतो. क्रोमचा पाना आधीच चंदेरी असतो, त्याच्या कडेवरून काय उडणार? क्रोम पातळ असतं आणि ते घासून विरत जाण्यापेक्षा पापुद्र्यासारखं निघतं. जिथे निघतं तिथे आजूबाजूपेक्षा मंद आणि काळसर ठिगळ दिसतं. म्हणजे क्रोमच्या पान्यावर झीज उजळ नाही, गडद असते. काळ्या फिनिशचा पाना असेल तर मात्र कडा चंदेरी होतात, तिथे ती ट्रिक चालते.

Pointiness आणि Bevel नोड दोन्ही फक्त सायकल्समध्ये चालतात, EEVEE मध्ये नाही, हे पण अनेकांना रात्री दोन वाजता कळतं. आणि Pointiness मेशच्या दाटपणावर अवलंबून असतं, एकाच पान्याच्या दांड्यावर काही नाही आणि डोक्यावर सगळं पांढरं असं होतं ते त्यामुळेच. मी ते फक्त मळ भरायला वापरते, खोलगट भागात. झीज हाताने रंगवते.

मग हाताने कुठे रंगवायची? एक पाना घेऊन सांग ना.

१२-१३ चा घेऊ, कारण एम८ च्या बोल्टला १३ चं डोकं असतं आणि वर्कशॉपमध्ये तोच दिवसभर हातात असतो.

आधी आकार. लांबी साधारण १६-१७ सेंटीमीटर. १३ च्या तोंडाचं डोकं रुंदीला २८ मिमीच्या आसपास, म्हणजे तोंडाच्या दुपटीहून थोडं जास्त. तोंडाच्या दोन्ही आतल्या बाजू एकमेकींना समांतर, आणि तोंड दांड्याच्या सरळ रेषेत नाही, १५ अंश तिरकं. हे तिरकं का असतं तर अडचणीच्या जागी पाना ३० अंशच फिरतो, मग तो काढून पालथा करायचा आणि परत लावायचा, तिरकेपणामुळे तो नटाच्या पुढच्या बाजूवर बसतो. सरळ तोंडाचे पाने काढलेत तर ज्याने एकदा पण नट सोडवलाय त्याला ते खटकणार. दांड्याच्या दोन्ही बाजूंना खोलगट पट्टा, त्यात ठोकलेले आकडे. कडेने फोर्जिंगची रेघ, घासून सपाट केलेली पण तिरप्या उजेडात दिसणारी. डोकी आरशासारखी आणि दांडा जरा मंद, हे पण खूप पान्यांत असतं.

आता झीज. पाना नटाला पूर्ण सपाट टेकत नाही, तोंडात थोडी ढील असते, त्यामुळे जोर लावला की तो नटाच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर दाबला जातो. एका जबड्यावर तो दाब तोंडाच्या टोकाजवळ, दुसऱ्यावर आत. पाना पालथा करून पण वापरतात, म्हणून दोन्ही जबड्यांवर दोन्हीकडे खुणा येतात. तिथे जाडीभर आडव्या दाबलेल्या पट्ट्या पडतात आणि क्रोम आधी तिथूनच जातं. मी त्या पट्ट्यांत खरा एक दशांश मिमीचा खड्डा दिलाय आणि खाली उघडं स्टील. डोक्याच्या सपाट तोंडावर वॉशर आणि शेजारच्या नटाने काढलेले कमानीसारखे ओरखडे, नटाला मध्य धरून गोल जाणारे, वाट्टेल तसे उभेआडवे नाहीत. दांड्याच्या मधे ओरखडे कमी, मळ जास्त, आकड्यांच्या खोबणीत काळं ग्रीस.

मटेरियल साधं आहे. क्रोमला Metallic १, बेस कलर लिनियर ०.५५ च्या आसपास, Roughness ०.१२ ते ०.२. उघडं स्टील Metallic १, बेस कलर ०.५६, Roughness ०.४५. दोघांच्या रंगात जवळजवळ काहीच फरक नाही बघा, फरक सगळा Roughness चा. गंजाला मात्र Metallic ० आणि Roughness ०.९, गंज धातू नाही. Metallic ०.५ असलं काही ठेवू नका, मळकट प्लॅस्टिक दिसतं.

आणि गंज नारिंगी करायची घाई नको. रोज तेलकट हात लागणाऱ्या पान्यावर नारिंगी गंज धरत नाही, गडद तपकिरी, जवळजवळ काळा डाग होतो. नारिंगी म्हणजे पावसाळाभर गाडीच्या डिकीत पडून राहिलेला पाना.

आठही पान्यांना एकच मटेरियल लावलं तर?

लावा, पण झिजेचा मास्क प्रत्येकाचा वेगळा. आपल्याकडचा नेहमीचा सेट म्हणजे ६-७, ८-९, १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७, १८-१९ आणि २०-२२. यातला ६-७ बऱ्याचदा कोराच राहतो. १०-११ आणि १२-१३ सगळ्यात घासलेले. २०-२२ वर ओरखडे कमी पण एका टोकाला हातोडीचे मार, कारण जाम नट हलला नाही की पान्यावर हातोडी मारणारच. आमच्या सीनमध्ये १०-११ ची जागा रिकामी आहे, लोक विचारतात मॉडेल करायचा राहिला का. नाही, तो सापडत नाहीये. दहाचा पाना ज्याच्याकडे जागेवर असतो त्याचं वर्कशॉप बंद असतं असं बाबा म्हणतात.

रिंग पाना करत असाल तर आतला आकार बारा कोपऱ्यांचा, म्हणजे दोन षटकोन एकमेकांवर ३० अंश फिरवून ठेवलेले. बारा टोकांची सुबक चांदणी काढू नका, ती केकच्या साच्यासारखी दिसते.

बिटावर निळा-पिवळा रंग दिलाय तो कशाचा?

तापल्याचा. तेल न घालता जोरात दाबलं किंवा धार गेली की टोक तापतं आणि स्टीलवर रंग चढतात. टोकाकडे निळा, मग जांभळट तपकिरी, मग फिका पिवळा आणि मग साधा धातू. क्रम उलटा करू नका, जिथे जास्त तापलं तिथे निळा. सगळं मिळून थोड्याच मिलीमीटरमध्ये संपतं, अख्खा बिट मोरपंखी करायचा नाही.

बिटावरची दुसरी खूण दांड्यावर असते. चक नीट आवळला नाही की बिट आत घसरतो आणि दांड्यावर गोल गोल कडी पडतात. ओरखडे दांड्याच्या भोवती जातात, लांबीत नाही. यामुळे ठोकलेलं माप अर्धं पुसलेलं असतं, मग कॅलिपर लावून बघायला लागतं.

टेबलावर काय पसरलंय? ते काळं म्हणजे माती आहे का?

बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, पूड आहे. कोल्हापुरात फाउंड्र्या भरपूर, आमच्याकडे भोकं पाडायला येणारे जॉब बहुतेक बीडाचे, आणि बीड कापलं की कुरळे छिलके निघत नाहीत, काळी भुकटी आणि बारीक कण पडतात. माइल्ड स्टीलचे मात्र लांब, वळलेले, धारदार छिलके. मी पहिल्यांदा बीडाच्या जॉबशेजारी लांब कुरळे छिलके टाकले होते आणि बाबांनी ते पण पकडलं. कण भरताना सगळीकडे सारखे पसरू नका, व्हाइसच्या बुडाशी आणि पत्र्याच्या खिळ्यांजवळ ढीग, आणि मधे हाताने किंवा कॉटन वेस्टच्या बोळ्याने पुसल्याचा फराटा.

धातू काळा आणि मेलेला दिसतो, लाइट वाढवला तरी.

धातूला स्वतःचा रंग थोडाच दिसतो, तो आजूबाजूचं दाखवतो, आणि तुमच्या सीनमध्ये आजूबाजूला काहीच नाही. मी टेबलाच्या वर चार फुटी ट्यूबलाइटच्या मापाचा एक लांब एरिया लाइट टाकलाय आणि डावीकडे शटरच्या दारातून येणारा मोठा, फिका निळसर उजेड. पान्यांच्या दांड्यावरून जी लांब पांढरी पट्टी जाते ती ट्यूबची आहे, तीच ओरखडे दाखवते. ओरखडे दिसत नसतील तर खोल करत बसू नका, लाइट थोडा सरकवा, बहुतेक वेळा तेवढ्याने दिसतात.

मापं खरी ठेवायची गरज आहे का? शेवटी इमेजच तर आहे.

ठेवा. सीन युनिट मिलीमीटरला लावा. डेप्थ ऑफ फील्ड आणि बेव्हल मापावर चालतात, दोन मीटरचं ड्रिल मशीन केलं तर मागचं टेबल धूसर होतच नाही आणि तुम्ही एफस्टॉपशी खेळत बसता. साइड हँडल बसतं ती मशीनची मान ४३ मिमी व्यासाची असते, सुरुवात तिथून करा, मग चक, मग बॉडी, मग हँडल तुमच्या स्वतःच्या मुठीच्या मापाने.

फाइल मिळेल का?

मशीनची मिळेल, पान्यांची पण. बिटांची देते पण आधी १० मिमीचा एक स्वतः करून बघा आणि मला पाठवा, मी बाबांना दाखवते.